पिकायची वाट पाहू नये असं बोट



सोयाबीनची काढणी सुरू झाली की आपल्या रेणापूर भागातल्या बायकांच्या हातांना उसंत नसते. विळ्याचं कापणं, वाळलेल्या शेंगांची टोकं, धसकटं, बांधावरच्या बाभळीचे काटे. रोज काही ना काही टोचतं, रोज आपण ते उपटून टाकतो आणि कामाला लागतो. शंभरातल्या नव्वद वेळा त्याचं काही होत नाही. आज आम्ही उरलेल्या वेळांबद्दल बोलणार आहोत. त्यातही एकाच प्रकारच्या दुखण्याबद्दल, जे वरून साधं दिसतं आणि दोन-तीन दिवसांत बोट कायमचं निकामी करतं.

एका वहिनींची हकीकत सांगतो. त्यांचं नाव आणि गाव सांगत नाही, त्यांनीच तसं बजावलंय. पण "माझं झालं ते बायांना सांगा" असंही त्यांनीच म्हटलं.

सोमवारी दुपारी गंजीवर झाकायला बाभळीच्या फांद्या ओढताना त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात काटा गेला. तळहाताच्या बाजूने, बोटाच्या मधल्या पेऱ्यावर जी आडवी घडी असते ना, नेमका तिथे. पदराच्या पिनेने त्यांनी काटा काढला, थोडं रक्त आलं, बोट तोंडात धरलं, झालं. मंगळवारी सकाळी भाकरी थापताना बोट जरा आखडल्यासारखं वाटलं. रात्री ठणका लागला. बुधवारी उठल्या तेव्हा सगळं बोट टोकापासून मुळापर्यंत सारखं फुगलेलं होतं आणि अर्धवट वाकलेलं होतं. सासूबाईंनी हळद आणि चुना गरम करून लावला. वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई, लई ठणकतंय वो." आत्याबाई म्हणाल्या, "पिकू दे की. तोंड आलं की फोडू."

आत्याबाईंचं काही चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांपासून गळवाचं शास्त्र असंच आहे. मांडीवर, पाठीवर गळू होतं, ते आधी कडक असतं, मग मऊ पडतं, पिवळं तोंड येतं, मग फुटतं किंवा चीर देतात. मांडीच्या गळवाला ते चालतं. बोटाच्या या दुखण्याला चालत नाही, कारण इथला पू कातडीपर्यंत येतच नाही. त्याला तोंड येत नाही. आपण वाट पाहत राहतो आणि तो आतल्या आत चालत राहतो.

असं का, ते समजायला बोटाच्या आत डोकवावं लागेल. आपण बोट मिटतो ती ताकद बोटात नसते, ती असते मनगट आणि कोपराच्या मधल्या मांसात. तिथून पांढऱ्या, चिवट दोऱ्या तळहातातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. डॉक्टर त्यांना टेंडन म्हणतात. सायकलच्या ब्रेकची वायर आठवा. मूठ दाबली की लांबच्या चाकावर ब्रेक लागतो, कारण वायर एका नळीतून सरकत जाते. बोटातली दोरीही अशाच एका म्यानातून सरकते. म्यान बोटाच्या शेवटच्या पेऱ्यापासून तळहातापर्यंत असतं आणि आत वंगणासारखा थोडासा चिकट द्रव असतो. दोरीला रक्त फार थोडं मिळतं. केसासारख्या बारीक शिरा म्यानातून तिच्यापर्यंत येतात आणि बाकीचं पोषण त्या द्रवातून होतं.

आता या बंद म्यानात जंतू शिरले तर काय होईल? जंतूंना खायला भरपूर आणि त्यांना मारायला येणारं रक्त जवळजवळ नाही. पू होतो. म्यान ताणत नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो. दाब वाढला की त्या केसाएवढ्या शिरा चेपतात. दोरीचं रक्त बंद झालं की ती कुजायला लागते. या सगळ्याला आठवडे लागत नाहीत, एक-दोन दिवस पुरतात. कुजलेली दोरी परत जिवंत होत नाही. आणि ती वाचली तरी म्यानाला चिकटून बसते, मग बोट मिटत नाही.

बोटाच्या आडव्या घड्यांपाशी कातडी आणि म्यान यांच्यामध्ये चरबीची गादी जवळजवळ नसतेच. म्हणून घडीवर टोचलेला काटा, सुई, भांड्याच्या तारेचा तुकडा, मासळीचा काटा किंवा मांजराचा दात सरळ म्यानात उतरतो. वरचं भोक एवढंसं असतं, ते एका दिवसात मिटूनही जातं. मोठी कापलेली जखम पाहून आपण घाबरतो आणि दवाखान्यात पळतो, पण घडीवरचं हे बारीक भोक जास्त दगाबाज असतं.

मग साधं पिकलेलं बोट आणि म्यानात पू झालेलं बोट ओळखायचं कसं? अमेरिकेत शिकागोला ॲलन कॅनाव्हेल नावाचे एक शल्यचिकित्सक होते. त्यांनी हातातल्या पुवाचाच अभ्यास केला. मेलेल्या माणसांच्या हातात द्रव भरून तो कुठून कुठे जातो हे पाहिलं आणि १९१२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. हात वेळेवर ओळखून उघडला तर वाचायचा, नाहीतर हात जायचा, कधी जीवही जायचा. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चार लक्षणं आजही डॉक्टर पहिल्यांदा पाहतात. ती पाहायला कुठलं यंत्र लागत नाही. आपल्या घरात, दिव्याखाली पाहता येतात.

हात मांडीवर उताणा ठेवा, तळवा वर. हात अगदी सैल सोडा. पहिली गोष्ट, दुखरं बोट बाकीच्या बोटांपेक्षा जास्त वाकलेलं आहे का? वाकल्याने म्यानातला ताण कमी होतो म्हणून बोट आपोआप तसं राहतं. दुसरी, सूज कुठे आहे? नखाच्या कडेला नखुरडं होतं तेव्हा सूज तिथेच असते. बोटाच्या पुढच्या गादीत पू झाला तर फक्त पुढचं पेर टरारून फुगतं. म्यानात पू असेल तर सगळं बोट टोकापासून मुळापर्यंत एकसारखं जाड होतं. तिसरी, काडेपेटीच्या काडीचं बोथट टोक घ्या आणि बोटाच्या टोकापासून तळहाताच्या पुढच्या आडव्या रेषेपर्यंत, बोटाच्या मधोमध, हळूहळू दाबत या. काटा लागला तिथेच दुखतं की सगळ्या वाटेने दुखतं? म्यान सुजलं असेल तर काटा लागलेल्या जागेपासून दूर, तळहातात दाबलं तरी बाई कळवळते.

चौथी परीक्षा सगळ्यांत लवकर दिसते, पुष्कळदा सूज येण्याच्याही आधी. दुसऱ्या कोणीतरी फक्त नखाच्या टोकाला धरून बोट अगदी थोडं सरळ करायचं. सुजलेल्या जागेला हात लावायचा नाही. नुसतं नख उचलल्यावर सगळ्या बोटातून तळहातापर्यंत कळ गेली, तर पू कातडीखाली नाही, म्यानात आहे असं धरून चाला. कातडीच्या वरवरच्या सुजेत बोट लाल, गरम असतं, पण नख उचलल्याने इतकी कळ जात नाही.

चारही लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं नाही, हे मुद्दाम सांगतो. पहिल्या दिवशी एक किंवा दोनच असतात. ताप असेलच असंही नाही. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या बोटाची जाणीव कमी झालेली असते, त्यांना ठणका कमी जाणवतो आणि पू मात्र जास्त वेगाने पसरतो. अशा बाईचं बोट नुसतं फुगलं आणि वाकलं तरी पुरे. आणि जुने सर्जन एक साधा नियम सांगत आले आहेत तोही लक्षात ठेवण्यासारखा आहे. हाताच्या ठणक्याने एक रात्र झोप लागली नाही, तर आत पू आहे असं समजा.

आमच्या वहिनींना बुधवारी यातली चारही लक्षणं होती, हे नंतर त्यांना विचारत गेल्यावर आमच्या लक्षात आलं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. गोळ्या मिळाल्या आणि ठणक्याचं इंजेक्शन मिळालं. रात्री थोडी झोप लागली. गुरुवारी पहाटे ठणका एकदम कमी झाला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. त्यांनी चहाही केला.

या हकीकतीतली सगळ्यांत फसवी वेळ हीच. दाब असह्य झाल्यावर म्यान तळहाताकडच्या टोकाला फुटलं होतं. फुग्यातली हवा सुटावी तसा दाब सुटला, म्हणून ठणका थांबला. पू मात्र तळहाताच्या खोल भागात सांडला. तळहाताच्या मांसाखाली, हाडांच्या वर, दोन मोठ्या पोकळ्या असतात. एक अंगठ्याच्या मुळाशी, एक मधोमध. तर्जनीच्या म्यानातला पू अंगठ्याकडच्या पोकळीत जातो, मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा पू बहुधा मधल्या पोकळीत. अंगठा आणि करंगळी यांचं तर वेगळंच आहे. त्यांची म्यानं तळहातात संपत नाहीत, मनगटापर्यंत जातात आणि पुष्कळ जणांत तिथे एकमेकांना मिळतात. म्हणून अंगठ्याला काटा लागलेल्या माणसाची दोन दिवसांनी करंगळी सुजलेली दिसते आणि घरचे म्हणतात, हे कसलं नवीनच निघालं!

गुरुवारी दुपारी वहिनींच्या हाताची मागची बाजू, जिथे आपण मेंदी काढतो ती, पुरणपोळीसारखी फुगली. सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. आत्याबाईंनी लेपही तिथेच लावला. पण पू तिथे नव्हता. तळहाताची कातडी जाड आणि आत घट्ट बांधलेली असते, ती फुगू शकत नाही. मागची कातडी सैल असते, चिमटीत धरता येते. तळहातातल्या दाहाचं पाणी मागे उतरतं आणि मागची बाजू फुगते. ज्यांच्या तळहाताला खुरप्याने, विळ्याने घट्टे पडलेत त्यांच्यात तर हे हमखास होतं. म्हणून हाताची मागची बाजू सुजलेली दिसली की हात उलटा करून तळवा पाहायचा. तळव्याच्या मधोमध जो खळगा असतो, ज्यात आपण तीर्थ घेतो, तो भरून सपाट झालाय का? दुसऱ्या हाताच्या खळग्याशी ताडून पाहा. वहिनींचा तो खळगा नाहीसा झाला होता, उलट तळवा थोडा वर आला होता, आणि मधलं बोट, अनामिका हलवली की तळव्यात कळ जात होती. पू अंगठ्याकडच्या पोकळीत असता तर अंगठ्याचं मूळ टरारून फुगलं असतं आणि अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब उभा राहिला असता. कधी पू दोन बोटांच्या बेचक्यात साठतो, तेव्हा ती दोन बोटं एकमेकांपासून फाकलेली राहतात, जवळ आणता येत नाहीत.

गुरुवारी रात्री त्यांना थंडी वाजून ताप भरला. शुक्रवारी सकाळी त्यांना लातूरला नेलं. रक्तातली साखर तपासली तर २८० निघाली. त्यांना साखरेचा आजार आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुपारी ऑपरेशन झालं.

गोळ्यांनी हे बरं का झालं नाही, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. औषध रक्तातून जातं. जिथे रक्त जातं तिथेच औषध पोहोचतं. पुवाच्या साठ्याच्या आत रक्त नसतं आणि चेपलेल्या म्यानातही नसतं. गोळ्या आजूबाजूचं पसरणं थोडं आवरतात, ताप उतरवतात, ठणका कमी करतात, आणि त्यामुळेच कधी कधी आपला एक मोलाचा दिवस जातो. साठलेल्या पुवाला एकच उपाय आहे, त्याला वाट करून देणं.

अगदी सुरुवातीला, म्हणजे पहिल्या एका दिवसात कोणी पोहोचलं आणि लक्षणं सौम्य असली, तर डॉक्टर भरती करून घेतात, शिरेतून औषध देतात, हात पट्टीवर बांधून उंच ठेवतात आणि दर काही तासांनी बोट तपासतात. कधी तेवढ्यावर निभावतं. चोवीस तासांत बोट सुधारलं नाही तर ऑपरेशन करतात. लवकरचं ऑपरेशन लहान असतं. बगलेत इंजेक्शन देऊन हात बधिर करतात किंवा भूल देतात. बोटाच्या पुढच्या टोकाला एक आणि तळहातात एक अशा दोन छोट्या चिरा देतात. तळहाताकडून बारीक नळी म्यानात घालून मिठाचं सलाईन सोडतात, ते पुढच्या चिरेतून बाहेर येतं. पू धुऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालतं. थोडा पू तपासणीला पाठवतात, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते दोन-तीन दिवसांत कळतं. उशीर झाला असेल तर दोन चिरांवर भागत नाही. वहिनींचं बोट बाजूने लांब उघडावं लागलं, तळहातही उघडावा लागला, आणि दोन दिवसांनी पुन्हा एकदा धुवावं लागलं.

म्हणूनच घरी ब्लेडने किंवा तापवलेल्या सुईने हे बोट फोडायचं नाही. बोटाच्या दोन्ही बाजूंनी रक्ताची शीर आणि जाणिवेची नस जाते, कातडीखाली अगदी जवळून. चुकीच्या जागी दिलेली चीर ती नस तोडते आणि बोटाचं टोक कायमचं बधिर होतं. आणि म्यान चांगलं असेल, पू नुसता वर असेल, तर आपणच सुईने त्याला आत घालतो. गरम शेक आणि चोळणंही नको.

दवाखान्यात निघण्याआधी दोन-तीन गोष्टी मात्र घरीच करायच्या. पहिलं काम अंगठी आणि बांगड्या. सूज वाढली की अंगठी दोऱ्यासारखी आवळते आणि बोटाचं उरलंसुरलं रक्त तोडते. साबण किंवा तेल लावून लगेच काढा, निघत नसेल तर सोनाराकडे वेळ न घालवता दवाखान्यात कापू द्या. हिरव्या बांगड्या उतरवायला आपलं मन धजत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. त्या हातातल्या वाढवा आणि दुसऱ्या हातात असू द्या. मग हात ओढणीच्या झोळीत छातीच्या वर ठेवा, लोंबकळू देऊ नका. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं लागतं, म्हणून निघताना भरपेट जेवू नका, आणि शेवटचं कधी खाल्लं ते सांगा. साखरेची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत घ्या, सरकारी योजनेसाठी लागतात.

रेणापूरच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवता येईल. तिथून पुढे लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, किंवा उलट्या दिशेने अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जायला काहीच साधन नसेल तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांसमोर नुसतं "बोट दुखतंय" म्हणू नका. असं सांगा, "सोमवारी दुपारी घडीवर काटा लागला, मंगळवार रात्रीपासून ठणकतंय, बोट सरळ केलं की तळहातापर्यंत कळ जाते." वार आणि वेळ सांगितली की ऐकणाऱ्याला निर्णय घेणं सोपं जातं. काट्याचा तुकडा आत राहिला असं वाटत असेल तर तेही सांगा. बाभळीचा काटा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, सुई दिसते. काट्यासाठी सोनोग्राफीचा उपयोग होतो. कुत्रं-मांजर चावलं असेल तर रेबीजची लस वेगळी घ्यावीच लागते. आणि भांडणात कोणाच्या दातावर मूठ बसून बोटाच्या सांध्यावर जखम झाली असेल तर लाज न बाळगता खरं सांगा, माणसाच्या तोंडातले जंतू सांधा फार लवकर नासवतात.

ऑपरेशननंतरची एक गोष्ट बायकांना फार अवघड जाते. जखम बहुतेक वेळा पूर्ण शिवत नाहीत, सैल ठेवतात, म्हणजे राहिलेला पू बाहेर येतो. ती उघडी जखम पाहून बोट हलवायची छाती होत नाही. पण सूज उतरू लागली की, बहुधा एक-दोन दिवसांत, डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट बोट हलवायला सांगतात. तेव्हा हलवलं नाही तर दोरी म्यानाला चिकटते, आणि ऑपरेशन चांगलं होऊनही बोट काठीसारखं राहतं. दुसऱ्या एका ताईला करंगळीच्या घडीवर शिवणाची सुई लागली होती. रात्री ठणका लागला, सकाळी बोट सरळ होईना, म्हणून ती दुपारच्या आत दवाखान्यात गेली. दोन चिरा, सलाईन, पाच दिवस भरती. दुसऱ्या दिवसापासून ती कळ सोसत बोट मिटायची आणि उघडायची, दर तासाला दहा वेळा. दीड महिन्यात पुन्हा मशीनवर बसली.

आमच्या वहिनींची दोरी अर्धी कुजली होती. हात वाचला, बोटही वाचलं. पण मधलं बोट तळव्यापासून दोन बोटं अंतरावर येऊन थांबतं, त्यापुढे मिटत नाही. विळा धरला की मूठ सुटते, त्यामुळे कापणीला त्या जात नाहीत, मळणीवर पोती धरायला जातात. भाकरी मात्र डाव्या हाताने थापायला शिकल्या. साखरेची गोळी रोज चालू आहे. यंदा गंजीवर झाकायला घरच्यांनी ताडपत्री आणली. आणि आत्याबाई आता गल्लीतल्या कोणाही पोरीच्या बोटात काटा गेला की आधी तिचं नख उचलून बघतात.